पहिल्या कागदावरचं नाव

वर्ना होप टटल आमच्या गावात पंचवीस वर्षं बावीस होती. वय नव्हे, आकडा. वयाने ती साठी ओलांडून गेली होती आणि ते लपवतही नव्हती. आकडा मात्र ती छातीवर पितळी बिल्ल्यासारखा वागवायची. ओळख करून देताना हात पुढे करायची आणि म्हणायची, "वर्ना. बावीस." समोरच्याला काही कळायचं नाही. मग ती त्याच्याकडे दयेने बघायची आणि त्याला आत बोलवायची.

आत म्हणजे माझ्या शेजारच्या गाळ्यात. माझं कुलपं-किल्ल्यांचं दुकान, तिचं मेणबत्त्या, स्फटिक आणि अंकांचं. मधली भिंत पातळ. इकडे मी किल्ल्या घासायचो, तिकडे ती माणसं घासायची. कॉर्लिस हे नदीकाठचं गाव, पोलादाची गिरणी बंद पडून चाळीस वर्षं झालेली. गिरणी होती तेव्हा इथल्या माणसाला आपण कोण हे ठाऊक असायचं: भट्टीवाला, क्रेनवाला, पहिल्या पाळीचा, तिसऱ्या पाळीचा. नंतर ते कुणालाच ठाऊक राहिलं नाही. अशा गावात एक बाई दार उघडून बसते आणि म्हणते, आत या, तुम्ही कोण ते मी सांगते. रांग लागली नसती तरच नवल.

तिची एकच अट होती, आणि ती दारावर मोठ्या अक्षरात लावलेली होती: जन्माचा दाखला घेऊन या. लाडाचं नाव चालणार नाही. नवऱ्याचं आडनाव चालणार नाही. सही करताना जे नाव लिहिता तेही नाही. जन्मल्या दिवशी जे पूर्ण नाव कागदावर पडलं तेच, पहिलं, मधलं आणि शेवटचं. अभिव्यक्ती अंक त्यातूनच निघतो. माणूस जगात काय करायला आला आहे, त्याच्या हातात कोणती हत्यारं देऊन त्याला पाठवलं आहे, हे त्या आकड्यात असतं. असं ती सांगायची.

नव्या माणसाला रीत समजावताना ती स्वतःचंच नाव फळ्यावर लिहायची. भिंतीपलीकडून मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन.

"अक्षरं ओळीने घ्यायची. ए एक, बी दोन, सी तीन, असं आयपर्यंत. आय नऊ. दहाव्या अक्षराला पुन्हा एकपासून सुरुवात. जे एक, के दोन, आर नऊ. एस परत एक. शेवटचं झेड आठ. कळलं? आता माझं बघा. वर्ना. व्ही चार, ई पाच, आर नऊ, एन पाच, ए एक. चोवीस. दोन आणि चार सहा. होप. एच आठ, ओ सहा, पी सात, ई पाच. सव्वीस. दोन आणि सहा आठ. टटल. टी दोन, यू तीन, टी दोन, टी दोन, एल तीन, ई पाच. सतरा. एक आणि सात आठ. आता सहा, आठ आणि आठ. किती?"

समोरचं माणूस म्हणायचं, "बावीस."

"मग?"

"मग दोन आणि दोन चार."

इथे वर्ना खडू खाली ठेवायची. तेवढ्या शांततेत मला माझी कानस थांबवावी लागायची.

"नाही. अकरा, बावीस आणि तेहतीस मोडायचे नाहीत. ते मास्टर अंक. बाकी सगळे मोडत मोडत एक आकडी करायचे. पण बावीस बावीसच राहतो. महानिर्माता."

महानिर्मातीने आयुष्यात काय निर्माण केलं असं मी तिला एकदा विचारलं होतं. तिने मला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, "सात असेच असतात." मी सात. ती मला नावाने हाक मारायची नाही, "ए सात, पाना आहे का?" असंच.

काही लोक सगळ्या नावाची अक्षरं एकाच दमात मिळवतात आणि शेवटी मोडतात. वर्नाला त्यांचा राग होता. ती त्याला किराणा बेरीज म्हणायची. "प्रत्येक नावाचं स्वतःचं पात्र असतं," ती म्हणायची, "तूप, रॉकेल आणि दूध एका बादलीत ओतून वजन करणारे हे लोक." एका बाईने मंडळात तशी बेरीज केली तर वर्नाने तिला पुढच्या रविवारपासून यायला बंदी केली.

मंडळ हाच तिचा खरा संसार. दर रविवारी दुपारी अग्निशमनवाल्यांच्या जुन्या हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं जमायची. त्याला पूर्णनाव मंडळ म्हणत. बसायची जागा आकड्यावर ठरलेली. एकवाले पुढे. आठवाल्यांकडे हिशेबाची वही. पाचवाले दाराजवळ, कारण ते कुठेच टिकत नाहीत असा समज. आम्ही सातवाले खिडकीशी, एकमेकांशी न बोलता. आणि चारवाले मागे, कॉफीच्या मोठ्या भांड्याजवळ. खुर्च्या मांडणं, कॉफी करणं, शेवटी झाडून घेणं हे चारवाल्यांचं काम. कुणी त्यांच्यावर लादलं नव्हतं. वर्नाने फक्त समजावून सांगितलं होतं की चार म्हणजे पाया, चार म्हणजे कष्ट, चारला यातच आनंद असतो. पहिल्याच दिवशी आकडा ऐकून माणूस मागे जायचं आणि खुर्च्या उलगडायला लागायचं.

समोर हातांची अशी एकच खुर्ची होती. मंडळाचा नियम असा की त्या खुर्चीत मास्टर अंकच बसेल. वर्नानेच लिहिलेला नियम. गावात दुसरा मास्टर अंक एकच होता, अकरा, तो दात काढणारा डॉक्टर. त्याला या सगळ्यात रस नव्हता.

मागच्या रांगेत रोडा बसायची. रोडा मे स्टोवर, लग्नाआधीचं नाव. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तिच्या किल्ल्या मी केल्या होत्या.

एकोणीस वर्षांपूर्वी रोडा आमच्या ओळीतला कोपऱ्याचा गाळा घेणार होती. पायचं दुकान, म्हणजे पिठाच्या पारीत फळं भरून भाजतात त्या पायचं. तिच्या हाताला जी चव होती ती मी पुन्हा कुठे चाखली नाही. आंबट चेरीचा पाय, वर जाळी, जाळीच्या कडा किंचित जळलेल्या. गाळा ठरला, कुलूप बदललं, मी तिला तीन किल्ल्या दिल्या. सही करायच्या आदल्या दिवशी कुणीतरी म्हणालं, अगं, वर्नाला विचारून तर बघ. रोडा दाखला घेऊन गेली. भिंतीपलीकडून मी सगळं ऐकलं.

"रोडा अठ्ठावीस, म्हणजे दहा, म्हणजे एक. मे बारा, तीन. स्टोवर सत्तावीस, नऊ. एक, तीन, नऊ. तेरा. तेरा म्हणजे चार."

"मग चांगलं की वाईट?"

"चांगलं-वाईट असं काही नसतं, बाळ. चार भिंती बांधतो. मालक होत नाही. तू दुसऱ्याच्या छपराखाली फुलशील."

रोडा माझ्या दुकानात आली आणि तिन्ही किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. मी म्हटलं, "अगं, वेड लागलंय का तुला?" ती म्हणाली, "उगीच पुढे जाऊन तोंडावर आपटण्यापेक्षा बरं." दुसऱ्या महिन्यात ती शाळेच्या कँटीनमध्ये लागली. दुसऱ्याच्या छपराखाली. फुलली का ते मला माहीत नाही. तो गाळा नंतर नखं रंगवायचं दुकान झाला, मग मोबाइलच्या कव्हरांचं, मग काहीच नाही. एक किल्ली मी खिळ्याला अडकवून ठेवली. का, ते विचारू नका. कुलूपवाल्याच्या दुकानात निरुपयोगी किल्ल्या असतातच.

तरी रोडा दर रविवारी मंडळात यायची. हे मला कधी कळलं नाही आणि पूर्ण कळलंही. एकदा का आपण एखाद्या गोष्टीपायी आयुष्य मोडून घेतलं, की ती गोष्ट खरी असणं आपल्या गरजेचं होऊन बसतं.

आणखी एक प्रसंग. सात-आठ वर्षांपूर्वी डेल नावाचा ट्रकवाला मंडळात आला. दत्तक गेलेला. त्याच्याकडचा दाखला नंतरचा, पाळणाऱ्या आईबापांची नावं घातलेला; दत्तक झालं की सरकार नवा दाखला करतं आणि जुना बंद पेटीत टाकतं. त्याने विचारलं, माझा आकडा कुठल्या नावावरून? हॉलमध्ये चुळबुळ झाली. वर्ना उठली आणि म्हणाली, "पहिल्या कागदावरून. नंतरचा कागद म्हणजे अंगात घातलेला कोट. कोटाला आकडा नसतो." टाळ्या पडल्या. आठवाल्यांनी ते वाक्य मंडळाच्या वहीत लिहून घेतलं. डेलचा पहिला कागद मिळण्यासारखा नव्हता. तेव्हा कायदाच नव्हता. वर्नाने त्याला अंकाविना ठरवलं. तो दोन रविवार कुठल्याच रांगेत न बसता भिंतीला टेकून उभा राहिला आणि मग आला नाही.

आता मूळ गोष्ट.

गेल्या वर्षी वर्नाची आई इडिथ टटल वारली. चौऱ्याण्णव वर्षांची. शिवणयंत्राच्या खणात बॉबिनांच्या खाली एक कोर्टाचा कागद निघाला. वर्ना तो घेऊन माझ्याकडे आली आणि काउंटरवर ठेवला.  कागदावर लिहिलं होतं की पाच महिन्यांच्या एका मुलीला टटल दांपत्याने दत्तक घेतलं आहे आणि यापुढे तिचं नाव वर्ना होप टटल राहील. आधीचं नाव त्यात नव्हतं.

"तुला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"माझे कान बापासारखे आहेत असं सगळे म्हणायचे," ती म्हणाली. "सगळे. पाद्रीसुद्धा."

मला वाटलं, ती आईसाठी रडणार. ती म्हणाली, "सात, मी अंकाविना आहे."

तोवर कायदा बदलला होता. दत्तक गेलेल्याने अर्ज केला की पहिला दाखला मिळायचा. अर्ज मीच तिच्याबरोबर जाऊन टाकला. नंतरचे चार महिने ती दुकानात येणाऱ्याला पूर्वीसारखीच बसवायची, पण फळ्यावर स्वतःचं नाव लिहिणं तिने सोडलं. भिंतीपलीकडे उदाहरण म्हणून कुठल्यातरी काल्पनिक बाईचं नाव ऐकू यायला लागलं. मंडळात कुणालाच काही माहीत नव्हतं. आणि मंडळात तेव्हा मोठी गडबड चालली होती, कारण वर्नाला त्या खुर्चीत पंचवीस वर्षं होत होती. तहहयात अध्यक्ष म्हणून तिचं नाव पितळेच्या पट्टीवर कोरून खुर्चीला ठोकायचं ठरलं होतं. पट्टी कोरायला माझ्याचकडे आली. पूर्ण नाव, खाली बावीस.

तपकिरी पाकीट आलं ते समारंभाच्या तीन दिवस आधी. ती ते न फोडता माझ्याकडे घेऊन आली.

"तू फोड."

"मी कशाला? तुझं जन्मनाव."

"तुला कुलपं उघडायची सवय आहे."

मी फोडलं. नाव होतं इर्मा ॲग्नेस क्लिमेक. आईचं वय सतरा. बापाच्या रकान्यात काहीच नाही. वर्ना तो रकाना बघत नव्हती, आईचं नावही बघत नव्हती. तिचे ओठ हलत होते. ती अक्षरं मोजत होती. एका माणसाला साठ वर्षांनी आपल्या आईचं नाव दिसतं आणि ते माणूस बेरीज करतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग ओठ थांबले.

"किती?" मी विचारलं.

तिने पट्टीवर बोट ठेवलं. "हे कोरून झालं का?"

"नाव झालंय. आकडा राहिलाय."

"आकडा थांबव."

"वर्ना, हे पाकीट फक्त तू आणि मी पाहिलंय. खणात बॉबिनांखाली बरीच जागा आहे."

ती मला म्हणाली, "सात असेच असतात." पण यावेळी आवाजात जोर नव्हता.

रविवारी हॉल भरला होता. फुगे होते. पुढच्या टेबलावर मोठा केक, त्यावर साखरेचा बावीस. मागे रोडा एप्रन बांधून कॉफी करत होती. तिने चेरीचे तीन पायही आणले होते, पण ते मागच्या टेबलावर होते, कारण पुढे केक होता. मी पट्टी खिशात घेऊन खिडकीशी बसलो. मला ठाऊक होतं की ती एक तर सांगेल, नाहीतर मला खूण करेल आणि मी पट्टी ठोकीन. खिळेही माझ्याच खिशात होते.

वर्ना खुर्चीत बसली नाही. फळ्याजवळ गेली.

"आज आधी थोडा अभ्यास," ती म्हणाली. "एका बाईचं नाव देते. कोण ते विचारायचं नाही. मोजा."

तिने मोठ्या अक्षरात लिहिलं. लोक खूश झाले. परीक्षेत पास होणार हे माहीत असलेल्यांना परीक्षा आवडते. फ्लॉइड नावाचा एकवाला, निवृत्त विमा एजंट, नेहमीप्रमाणे उभा राहून मोठ्याने मोजू लागला.

"इर्मा. आय नऊ, आर नऊ, एम चार, ए एक. तेवीस. दोन आणि तीन पाच. ॲग्नेस. ए एक, जी सात, एन पाच, ई पाच, एस एक. एकोणीस. एक आणि नऊ दहा, दहाचा एक. क्लिमेक. के दोन, एल तीन, आय नऊ, एम चार, ई पाच, के दोन. पंचवीस. दोन आणि पाच सात. आता पाच, एक आणि सात, तेरा. एक आणि तीन चार. चार!"

"बरोबर," वर्ना म्हणाली. "आता वाचा तिला. ही बाई कशी?"

"हात चांगले, डोकं बेताचं," फ्लॉइड म्हणाला. हशा झाला.

"कामाला वाघ, पण स्वतःचं काही सुचायचं नाही," एक तीनवाली म्हणाली.

"हिच्या हाती काही सोपवू नये. म्हणजे कामं सोपवावीत, निर्णय नको."

"दुसऱ्याच्या छपराखाली फुलेल," आठवाल्यांपैकी कुणीतरी वहीतून वाचल्यासारखं म्हणालं.

प्रत्येक वाक्य वर्नाचं होतं. पंचवीस वर्षांत तिने वाटलेली वाक्यं लोकांनी घडी करून जपून ठेवली होती आणि आता ती इस्त्री केल्यासारखी परत येत होती. ती फळ्याशी उभी राहून ऐकत होती. हातातला खडू मोडला.

"रोडा," तिने मागे हाक मारली. "तू सांग. तू स्वतः चार आहेस."

रोडाने भांड्याचा नळ बंद केला. "मी काय सांगणार, बाई?"

"या बाईला काय सल्ला देशील?"

रोडाने जरा विचार केला. "तिला म्हणावं, कुणाला विचारू नको."

 वर्नाने खडूचे दोन्ही तुकडे फळ्याच्या काठावर नीट ठेवले.

"ती मी आहे," ती म्हणाली. "हा माझा पहिला कागद. मला दत्तक घेतलं होतं. मी बावीस नाही. कधीच नव्हते." तिने दाखला उलगडून सगळ्यांना दिसेल असा धरला. 

मला वाटलं, आता हे लोक तिला फाडून खातील. नियमानं खुर्ची गेली, समारंभ गेला, पंचवीस वर्षं गेली. मी पस्तीस माणसांना ओळखत नव्हतो, हेच खरं. त्यांनी तिला वाचवायला सुरुवात केली.

"म्हणजे बघा," फ्लॉइड म्हणाला, "चारला कमी लेखणं ही मुळात आपली चूक. चारवर तर देवळं उभी असतात."

"चार दिशा," तीनवाली म्हणाली. "चार ऋतू!"

"टेबलाला चार पाय," दाराजवळून एक पाचवाला म्हणाला.

"आणि बावीस मोडला की किती? चारच ना? म्हणजे चार हा झाकलेला बावीस!"

"झाकलेला बावीस!" लोक एकमेकांना म्हणू लागले. डोळे चमकले. दोन बायका रडल्या. कुणी म्हणालं, वर्नाबाई, उलट तुम्ही आता जास्त मोठ्या झालात, उघडा बावीस काय कुणीही असतो. पाच मिनिटांपूर्वी जिला डोकं बेताचं होतं तिला आता वेदीवर चढवत होते. आठवाल्यांनी वही उघडली आणि 'झाकलेला बावीस' असं लिहून खाली रेघ मारली. मला म्हणाले, "ओवेन, पट्टी आणलीये ना? ठोक की!"

मी उठलो नाही.

वर्नाच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. ते मी पाहिलं. तिने खुर्चीच्या हाताला हात लावला. बुडताना मिळालेली फळी माणूस परत करत नाही, आणि ही तर मऊ गादीची होती. ती बसणार होती. गुडघे वाकले होते.

"मग मी?" मागून आवाज आला.

रोडा ओरडली नव्हती. कॉफी हवी का विचारताना जो आवाज असतो तोच.

"मी पण तेरा, चार," ती म्हणाली. "मग मी पण झाकलेली बावीस होते का?"

"तसं नाही गं," फ्लॉइड म्हणाला, "तुझं वेगळं..."

"तू गप रे एक." ती वर्नाकडे बघत होती. "मी कोपऱ्याचा गाळा सोडला. किल्ल्या परत केल्या. ओवेन साक्षीला आहे. तेव्हा चार म्हणजे काय होता, बाई?"

  वर्नाच्या तोंडात उत्तर होतं, ते मला दिसत होतं. तिच्याकडे कुठल्याही प्रश्नाला आकडा असायचा. कोणतं वर्ष होतं, त्या वर्षाचा अंक काय, त्या दिवशीचा काय. एक वाक्य, की रोडा पुन्हा नळाशी गेली असती. एकोणीस वर्षं ती अशीच गेली होती.

"तेव्हाही चारच होता," वर्ना म्हणाली. "मी मात्र बावीस होते."

मग ती खुर्ची सोडून मधल्या वाटेने मागे चालत गेली. रांगा ओलांडत. लोक मान वळवून बघत होते, वधू मांडवातून उलटी निघाल्यासारखं. ती कॉफीच्या टेबलाशी पोचली आणि हात पुढे केला. नेहमीसारखा, ओळख करून द्यायला करते तसा. पण नाव नाही सांगितलं, आकडाही नाही.

रोडाने त्या हातात हात दिला नाही. एप्रनची गाठ सोडली, एप्रन त्या हातावर टाकला आणि जवळच्या खुर्चीत बसली. ती खुर्ची नऊवाल्यांची होती. कुणी तिला उठवलं नाही.

वर्नाने आयुष्यात पस्तीस माणसांची कॉफी केली नव्हती. पूड किती, पाणी किती, काही माहीत नाही. तिने हाताने अंदाज घेतला, पुन्हा घातली, पुन्हा घातली. भांडं घरघरलं. आम्ही बसून राहिलो, कारण अध्यक्षाशिवाय सभा संपवायची कशी हे वहीत लिहिलेलं नव्हतं. ती ट्रे घेऊन रांगेरांगेतून फिरली. कप अर्धे भरलेले, बशीत सांडलेले. सगळ्यात आधी रोडाला दिला.

रोडाने एक घोट घेतला आणि गिळायला वेळ लावला.

"डांबर झालंय," ती म्हणाली.

"हो," वर्ना म्हणाली.

"पाण्याच्या खुणा आतल्या बाजूला असतात. बघायचं असतं."

"दाखव."

"पुढच्या रविवारी." रोडाने कप खाली ठेवला. "यायचं ठरवलं तर."

ती आली नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. मंडळ अजून भरतं. खुर्ची रिकामी असते. मला वाटतं, दात काढणाऱ्या डॉक्टरकडे माणसं पाठवली जात आहेत. वर्ना खुर्च्या मांडते, वाकड्या मांडते. दुकानात लोक येतात तेव्हा ती अजूनही आकडे काढते, पण आकडा सांगून झाला की गप्प बसते. माणसं विचारतात, म्हणजे काय? ती म्हणते, चार म्हणजे चार. लोकांना हे आवडत नाही. गिऱ्हाईक कमी झालं आहे.

रोडाला मी ती किल्ली दाखवली. ती म्हणाली, "माझे गुडघे बघितलेस का? मला आता उभं राहवत नाही, ओवेन." किल्ली परत खिळ्याला गेली.

पट्टी मात्र खिशातच राहिली होती. एका दुपारी कामधंदा नव्हता, तर मी ती समोर ठेवली आणि बसल्या बसल्या किराणा बेरीज केली. वर्ना होप टटल, सगळी अक्षरं एका दमात, तूप, रॉकेल आणि दूध एका बादलीत. सदुसष्ट. सहा आणि सात तेरा. एक आणि तीन चार. मग तिच्या दाखल्यावरचं नाव आठवलं, इर्मा ॲग्नेस क्लिमेक. तेही एका दमात मोजलं. सदुसष्ट.

मी दोनदा मोजलं. मग पट्टी उलटी करून खणात टाकली. भिंतीपलीकडे वर्ना कुणाला तरी सांगत होती की प्रत्येक नावाचं स्वतःचं पात्र असतं. तिला मी अजून काही बोललो नाही. सांगितलं असतं, तर तिने त्यातूनही काहीतरी काढलं असतं.